‘विशेष’ आधी येऊ द्या

‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल.’ परदेशात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या इंग्रजी ईमेलची सुरुवात अशीच होते. वाक्य सभ्य आहे, व्याकरणशुद्ध आहे, कुणाला दुखावत नाही. माझा आक्षेप त्याच्या जागेवर आहे. ईमेलमधली सगळ्यात मोलाची जागा ते अडवून बसतं आणि तिथे काहीच सांगत नाही.

इनबॉक्समध्ये ईमेल उघडण्याआधी तीन गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराची सुरुवात. फोनवर ही सुरुवात जेमतेम एक-दोन ओळींची असते. वरचं इंग्रजी वाक्य मोकळ्या जागा धरून 33 अक्षरांचं आहे. त्याच्याआधी ‘डिअर प्रोफेसर अमुक’ आलं की दिसणारी ओळ जवळपास संपली. दिवसाला शंभरेक ईमेल चाळणाऱ्या माणसाला त्यातून एवढंच कळतं, की कुणातरी अनोळखी व्यक्तीला आपल्याकडून काहीतरी हवंय. मग ‘नंतर बघू’ म्हणून ती ईमेल खाली सरकते, आणि नंतर कुणी बघत नाही.

‘पण आपल्याकडे आधी खुशाली विचारायची रीतच आहे,’ असं कुणी म्हणेल. आहेच. पेशवाईतली पत्रं पाहिलीत तर सुरुवातीला ठरलेला मजकूर असतो: इकडचं कुशल जाणून आपलं कुशल लिहीत जावं, अशा अर्थाचा. पण त्यानंतर एक शब्द येतो, ‘विशेष’, आणि मुद्दा तिथून सुरू होतो. सराव असलेल्या वाचणाऱ्याची नजर सरळ त्या शब्दावर जाऊ शकायची. आजी-आजोबांच्या पत्रांत तेच काम ‘पत्र लिहिण्यास कारण की’ करायचं. म्हणजे आपल्या परंपरेत खुशाली होती, तशी हेतू कुठे सुरू होतो हे दाखवणारी खूणही होती. शिवाय पत्र पोचायला कित्येक दिवस लागायचे, तेव्हा ‘आम्ही खुशाल आहोत’ हीच एक बातमी असायची. ईमेलमध्ये आपण खुशालीचं वाक्य तेवढं ठेवलं. ती खूणही गेली आणि बातमीही.

तरीही हे वाक्य सुटत नाही, कारण आपल्याला उद्धट वाटायची भीती असते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाभ्यासकांनी सभ्यतेच्या आपल्या सिद्धांतात या भीतीचं कारण नीट मांडलंय. कुणाकडे काही मागणं म्हणजे त्याच्या मोकळेपणावर थोडं अतिक्रमण करणं, आणि सभ्य भाषा त्या अतिक्रमणाची धार कमी करते. ती कमी करायचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची सोय ठेवणं. खुशालीचं वाक्य ही सोय देत नाही. ते मागणी फक्त पुढे ढकलतं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. मेरी क्यूरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा अर्ज यजमान संस्थेतल्या मार्गदर्शकासोबत करावा लागतो, आणि शेवटची तारीख साधारण सप्टेंबरात असते. समजा, कोकणातल्या खारफुटीवर पीएचडी संपवत आलेली एक विद्यार्थिनी मे महिन्यात लिस्बनमधल्या एका प्राध्यापिकेला लिहितेय. पहिल्या खर्ड्याचा क्रम ओळखीचा आहे: तुम्ही बऱ्या असाल अशी आशा, माझं नाव अमुक, माझा प्रबंध तमुक विषयावर, तुमचे शोधनिबंध मी मोठ्या आवडीने वाचलेत, आणि पाचव्या वाक्यात ‘तुमच्या गटात काही संधी आहे का?’

यात उशीर तर आहेच, पण खरा दोष पुढचा आहे. ‘काही संधी’ म्हणजे कसली? पगार कुणी द्यायचा? कधीपासून? हे सगळं प्राध्यापिकेनेच विचारायचं. म्हणजे लिहिणारीने आपलं काम वाचणारीवर ढकललं, आणि वर खुशालीही विचारली.

आता दुसरा खर्डा. अभिवादनानंतरचं पहिलंच वाक्य: ‘खारफुटीच्या गाळातल्या कार्बनवर मी पीएचडी संपवत आले आहे, आणि यंदाच्या मेरी क्यूरी फेलोशिपसाठी तुमच्या गटासोबत अर्ज करता येईल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.’ दुसरं: ‘20 जूनपर्यंत फक्त हो किंवा नाही कळवलंत तरी पुरे, यंदा तुमच्याकडे आधीच उमेदवार असतील तर मी समजू शकते.’ तिसऱ्या वाक्यात त्यांच्या कुठल्या पद्धतीची तिला गरज आहे ते, आणि सोबत एका पानाचा आराखडा.

ओळख गेलेली नाही, ती हेतूच्याच वाक्यात बसली. फेलोशिपचं नाव आल्यामुळे पगाराचा प्रश्न विचारावा लागत नाही. तारखेमुळे उत्तर कधी द्यायचं ते कळतं, आणि सप्टेंबरच्या आत प्रस्ताव लिहायला वेळही उरतो. नाही म्हणायची वाट दुसऱ्याच वाक्यात उघडी आहे. सभ्यता आहे ती इथे. विषयाच्या ओळीतही ‘एन्क्वायरी’ऐवजी फेलोशिपचं नाव आणि ‘यजमान गट’ एवढे शब्द आले की उघडण्याआधीच चित्र स्पष्ट होतं.

इथे एक सावधगिरी हवी. ‘आधी हेतू सांगा’ हा सल्ला ऐकून लोक ‘आय ॲम रायटिंग विथ रिगार्ड टू युअर रिसर्च’ असं लिहायला लागतात. हा नुसता विषय झाला, हेतू नव्हे. एका साच्याच्या जागी दुसरा साचा आला, एवढंच. ओळखायची खूण सोपी आहे: पहिलं वाक्य झाकून उरलेली ईमेल वाचा. वाचणाऱ्याने काय करायचं यात काहीच फरक पडत नसेल, तर ते वाक्य भरतीचं आहे. दुसरी खूण उशिरा कळते. ‘तुम्हाला माझ्याकडून नेमकं काय हवंय?’ असं उत्तर आलं, की हेतू पोचलाच नव्हता.

हा नियम सगळीकडे लावायचा नाही. समोरच्याच्या घरात आजारपण किंवा दुःख असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर त्याबद्दलचं खरं वाक्य आधीच यायला हवं. ते फक्त त्याच माणसाला लिहिता येतं, म्हणून तो साचा नाही. आखातात काम करणाऱ्यांना माहीत असेल, की तिथे सलाम आणि विचारपूस न करता थेट कामावर येणं कोरडं वाटतं. तिथे ती एक ओळ राहू द्या, आणि हेतू लगेच पुढच्या ओळीत, स्वतंत्र परिच्छेदात आणा. पेशव्यांच्या कारकुनाने ‘विशेष’ लिहून केलं तेच काम ती कोरी ओळ करेल. आणि आत्याला किंवा काकांना लिहिताना खुशाली हाच हेतू असतो. तिथे कसली काटछाट करायची?

बाकी ठिकाणी एक करून बघा. आज पाठवायच्या ईमेलमधलं जे वाक्य ‘कुड यू’ने सुरू होतं, ते शोधा. बहुतेक वेळा ते तळाशी, ‘थँक यू’च्या जरासं वर सापडेल. ते उचलून अभिवादनाच्या खाली ठेवा, त्यात तारीख घाला, आणि वरची आशा पुसून टाका. कुणाची खुशाली मनापासून विचारायची असेल तर ती शेवटी, तिच्याबद्दल काही ठाऊक असेल तेवढंच लिहून, विचारा.