नऊ आकड्यांतला उजेड

रवी राममूर्ती आणि पॅट हॅनरहन यांच्या २००१ सालच्या शोधनिबंधाचा दावा असा: खडबडीत, न चकाकणाऱ्या वस्तूवर चहूबाजूंनी पडणारा उजेड संगणकात साठवायला प्रत्येक रंगासाठी नऊ सहगुणक पुरतात. हा दावा तपासून पाहू.

ध्वनीची फोड जशी सुरांत होते, तशी सभोवतालच्या प्रकाशाची फोड 'गोलीय हार्मोनिक्स'मध्ये होते. पहिल्या तीन पातळ्यांवर अनुक्रमे १, ३ आणि ५, असे मिळून नऊ सहगुणक येतात. पुढचे का सोडायचे? खडबडीत पृष्ठभाग समोरच्या अर्ध्या आकाशाचा प्रकाश कोसाइनच्या प्रमाणात एकत्र करतो. त्यामुळे या पातळ्यांना अनुक्रमे ३.१४, २.०९ आणि ०.७९ ने गुणले जाते. चौथ्या पातळीचा गुणक शून्य, तर पाचवीचा केवळ −०.१३ असतो. बारीक तपशील पृष्ठभागच पुसून टाकतो. निबंधाचा हा गाभा निर्विवाद आहे.

मात्र लेखकांनी दिलेली एक टक्का चूक ही सरासरी आहे. आपण एकच दूरचा दिवा घेऊ. दिव्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावर १ ऐवजी १.०६ उजेड मिळतो, ९० अंशांवर शून्याऐवजी ०.०९, आणि १२० अंशांवर चक्क −०.०४! ऋण उजेड निसर्गात नसतो. शिवाय वस्तूच्या स्वतःवर पडणाऱ्या सावल्या या मांडणीत धरलेल्याच नाहीत.

म्हणून आमचे मत असे: ढगाळ आकाशाच्या मऊ उजेडाला नऊ आकडे पुरेत, प्रखर दिव्याचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा.