अहवालात ९ टक्के साम्य, तरीही मजकूर उसनाच

मागच्या महिन्यात शिराळ्याला घरी गेलो होतो. ओळखीतली एक मुलगी एम.एस्सी. नर्सिंग करते, तिने डिझर्टेशनचा मसुदा वाचायला दिला. विषय होता ग्रामीण महिलांना सर्पदंशाच्या प्रथमोपचाराची किती माहिती आहे. नागपंचमीच्या आमच्या गावाला शोभेल असाच विषय. सॉफ्टवेअरच्या अहवालात साम्य होतं ९ टक्के. ती निर्धास्त होती, मी मात्र ‘नीड फॉर द स्टडी’च्या पहिल्याच परिच्छेदात अडकलो.

आधी त्या ९ टक्क्यांचं बघू. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलंय, त्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून द्यावा लागतो. पण सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजतं. विचार कुणाचा, आकडा कुठून आला, हे त्याला कळत नाही. इंग्रजी परिच्छेद मराठीत आणून तोच पुन्हा इंग्रजीत नेला, तर तो बहुतेक वेळा सुटतोही.

मसुद्यातलं वाक्य असं होतं: ‘भारतात दरवर्षी ४५,९०० लोक सर्पदंशाने दगावतात, बहुतांश खेड्यांत राहणारे असतात, पुरुषांचं प्रमाण अधिक असतं आणि पावसाळ्यात संख्या वाढते.’ पुढे रेफरन्स क्रमांक ३, म्हणजे मोहापात्रा आणि सहकाऱ्यांचा २०११ चा निबंध. वरवर सगळं बरोबर वाटतं.

मी विचारलं, “हा निबंध उघडून वाचलास का?” नाही. एका जुन्या डिझर्टेशनमधून तिने वाक्य घेतलं आणि तिथलाच रेफरन्स खाली चिकटवला. ते जुनं डिझर्टेशन शेजारी ठेवून बघितलं, तर पहिले चार रेफरन्स त्याच क्रमाने होते. वाचलेली गोष्ट एक आणि नाव दुसऱ्याचं, हाही अप्रामाणिकपणाच आहे, आणि टक्केवारीत तो दिसत नाही.

मूळ निबंध उघडल्यावर खरा घोटाळा समजला. ४५,९०० हा अंदाज २००५ या एका वर्षाचा आहे. तो रुग्णालयांच्या नोंदींवरून काढलेला नाही. देशभरातल्या नमुना घरांत जाऊन, मृत्यू कसा झाला हे घरच्यांना विचारून काढलेला आहे. त्यामुळे त्याला खालची-वरची मर्यादाही दिली आहे, साधारण ४०,९०० ते ५०,९००. नकलेच्या प्रवासात आधी वर्ष गळालं, मग मर्यादा गळाली, आणि ‘२००५ मध्ये’चं ‘दरवर्षी’ झालं. २०२० मध्ये सुरवीरा आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१९ या काळासाठी सरासरी वर्षाला ५८,००० मृत्यूंचा अंदाज दिला. म्हणजे तिचा ‘आजचा’ आकडा जुना तर होताच, शिवाय कमीही होता.

आता पॅराफ्रेजिंग. मूळ निबंधात मृत्यूंची संख्या, गाव, लिंग, ऋतू अशी मांडणी आहे. मसुद्यातही तोच क्रम, फक्त ‘मृत्यू’चं ‘दगावणे’ आणि ‘जास्त’चं ‘अधिक’. याला इंग्रजीत ‘पॅचरायटिंग’ म्हणतात. वाक्याचा सांगाडा दुसऱ्याचा, कपडे आपले. खाली रेफरन्स दिला तरी ते नीट पॅराफ्रेजिंग होत नाही.

मग करायचं काय? आम्ही असं केलं. तिने निबंध वाचला, बंद केला आणि एका कागदावर उत्तर लिहिलं: माझ्या अभ्यासाला यातलं नेमकं काय लागतं? तिचा विषय गावातल्या महिलांचा, म्हणून वाक्य असं झालं: ‘२००१ ते २००३ मधल्या मृत्यूंच्या घरोघरच्या चौकशीत सर्पदंशाचे ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागात आढळले. पुरुष ५९ टक्के असले तरी महिलांचा वाटाही ४१ टक्के होता, म्हणून प्रस्तुत अभ्यासात महिला निवडल्या आहेत.’ नंतर निबंध पुन्हा उघडून आकडे ताडले. इथे माहिती त्यांची आहे आणि युक्तिवाद तिचा. रेफरन्स पहिल्या वाक्यापाशी येतो, कारण दुसऱ्या वाक्याचा शेवट तिचा स्वतःचा निर्णय आहे.

मूळ निबंध मिळालाच नाही तर? मग जे वाचलं त्याचाच रेफरन्स द्या आणि ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं वाक्यातच लिहा. पण हा निबंध इंटरनेटवर फुकट आहे, त्यामुळे इथे ती सबबही चालत नाही.

तुमच्या मसुद्यातला कुठलाही एक रेफरन्स डोळे मिटून निवडा. त्या निबंधातल्या माहितीचं वर्ष, नमुना आणि पद्धत न बघता सांगता येते का? येत नसेल, तर अहवालात २ टक्के आले तरी ते वाक्य अजून तुमचं झालेलं नाही.