‘जेवलीस का’ : मेसेजमधून सांगितलेली एक कथा

आज आपण एकाच कथेबद्दल बोलणार आहोत. डोंबिवलीतल्या एका घरगुती बैठकीत आम्ही ती ऐकली, आणि नंतर हस्तलिखित मागून घेऊन दोनदा वाचली. लेखकाने ती अजून छापायला दिलेली नाही, म्हणून त्यांचं नाव घेत नाही.

कथेत फक्त बापाचे मेसेज आहेत. बाप निवृत्त, डोंबिवली पूर्वेला राहणारा. मुलगी टोरांटोला नोकरीला. तिचं एकही उत्तर लेखकाने दिलेलं नाही. प्रत्येक मेसेजवर इथली तारीख आणि वेळ आहे, बस्स.

मेसेज असे : ‘जेवलीस का. इथे पाऊस. पंप बंद.’ आता ‘जेवलीस का’ हा काही माहिती विचारणारा प्रश्न नव्हे. मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने 1923 साली दाखवून दिलं होतं, की पुष्कळ बोलणं निरोप पोचवायला नसतंच, ते नातं धरून ठेवायला असतं. बापाचा हा प्रश्न त्या जातीचा. पण नुसत्या अशा प्रश्नांवर कथा उभी राहत नाही. ती उभी राहते बापाच्या वेंधळेपणावर, आणि तो वेंधळेपणा दोन प्रकारचा आहे.

पहिला बोटांचा. बाप फोनशी बोलून मेसेज टाकतो आणि फोन भलतंच ऐकतो. ‘आईने आज अर्धी नोकरी खाल्ली.’ बैठकीत सगळे हसले, आम्हीही हसलो. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, की ‘भाकरी’ची ‘नोकरी’ झाली यात गंमत आहे, पण बातमी ‘अर्धी’ या शब्दात आहे. आईचं जेवण तुटत चाललंय. विनोदाने ती बातमी आपल्यापासून झाकली, आणि बहुधा मुलीपासूनही.

दुसरा वेंधळेपणा सांगण्याचा. मोठी गोष्ट या माणसाला सांगता येत नाही, म्हणून ती वेळेतून कळते. बाप रोज दुपारी साडेचारला मेसेज करतो, तेव्हा टोरांटोत सकाळचे सात वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. मग साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं. त्याला हे ठाऊक नाही. सोमवारी तो लिहितो, ‘अजून झोपली होतीस? बरं नाही का.’ मंगळवारचा मेसेज साडेपाचला आहे. पुढचेही सगळे साडेपाचला. यावर कथेत एक अक्षरही नाही. मुलीने काय सांगितलं आणि बापाने काय ऐकलं, ते एका तासाच्या फरकातून आपण ओळखायचं.

हे एकदा अंगवळणी पडलं, की जानेवारीतला प्रसंग कळतो. रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी एक मेसेज येतो आणि खोडला जातो. बापाला वाटतं, पुसलं म्हणजे संपलं. पण सगळ्यांसाठी खोडलेल्या मेसेजच्या जागी, तो खोडल्याची ओळ राहते. मुलगी ती पाहते, कारण तिच्याकडे दुपार आहे. बापाचं उत्तर : ‘सोसायटीचा होता. चुकून.’ चार मिनिटांनी : ‘अगं पाणीपट्टीचा.’ दोन खोट्यांचा मेळ बसत नाही. मूळ निरोप मामाला जायचा होता आणि आई दवाखान्यात आहे, हे लेखक कुठेच म्हणत नाही. पुढचे तीन दिवस बाप व्हिडिओ कॉल टाळतो, ‘लाईट नाही’ म्हणून. पण तिसऱ्या दिवशी तोच लिहितो, ‘पंप सुरू झाला.’ वीज नसताना पंप कसा चालेल?

चेकॉव्हची 1886 सालची ‘वांका’ आठवते. नऊ वर्षांचा पोर आजोबांना पत्र लिहितो आणि पत्त्यावर गावाचं नावच घालत नाही. पत्र पोचणार नाही, हे आपल्याला कळतं, पोराला नाही. इथे उलट आहे. प्रत्येक मेसेज क्षणात पोचतो, निळ्या खुणा उमटतात, आणि सांगायचं तेवढं राहून जातं.

आता दोष. शेवटी लेखकाचा धीर सुटतो. बापाकडून तो तीनशे शब्दांचा मेसेज लिहवून घेतो. त्यात स्वल्पविराम जागेवर आहेत, फोन एकही शब्द चुकीचा ऐकत नाही, आणि बाप ‘एकाकीपण’ या विषयावर विचार मांडतो. ही भाषा त्या माणसाची नाही, लेखकाची आहे. जो माणूस दवाखाना म्हणू शकला नाही, तो ‘एकाकीपण’ कुठून म्हणणार? आणि आजवर रिकाम्या जागा आपण भरत होतो, तो हक्कही लेखक काढून घेतो.

लेखकाला आम्ही एवढंच सुचवलं, की हा मेसेज काढा. त्याच्या आधीचा मेसेज असा आहे : ‘आई घरी आली. खिचडी केली मी. मीठ राहिलं. तू जेवलीस का.’ ‘घरी आली’ म्हणजे ती कुठे होती, हे आता मुलीने विचारायचं. कथा तिथेच संपते.