साहेबांची दिवाळी मेल

हिंजवडीतल्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या प्रमुखांनी २०२४च्या दिवाळीत हजारो कर्मचाऱ्यांना पाठवलेली मेल परवा वाचायला मिळाली. जेमतेम पंधरा ओळींची. असल्या मेली आपण न उघडताच पुसतो; ही मी तीनदा वाचली.

पहिली खुबी तारखेत आहे. मेल लक्ष्मीपूजनाला नाही, वसुबारसेच्या दुपारी आली. ऐन सणाला आलेल्या शुभेच्छा ढिगात बुडतात. इथे लोक अजून जागेवर आहेत, गावच्या बॅगा भरायच्या आहेत, म्हणजे सांगितलेलं उपयोगी पडेल अशी ही वेळ. सुरुवात फक्त ‘नमस्कार मंडळी’ अशी. यादीतून प्रत्येकाचं नाव आपोआप टाकता आलं असतं, पण ‘प्रिय कुलकर्णी एस. आर.’ वाचून कोण सुखावतं? हजारोंना लिहितोय हे न लपवणं, हाच त्यातला प्रांजळपणा.

खरी कमाल दुसऱ्या परिच्छेदात. अमेरिकेतल्या ग्राहकांना दिवाळीची सुट्टी नसते, त्यामुळे इथल्या काहींची पाळी चुकत नाही. शुभेच्छांच्याही आधी साहेब त्यांच्याशी बोलतात, आणि ‘तुमच्या त्यागाला सलाम’ वगैरे काही म्हणत नाहीत. ते सांगतात की ३ नोव्हेंबरला, नेमकी भाऊबीजेलाच, अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातायत. सोमवारपासून साडेसातचा कॉल साडेआठला असेल. तेव्हा रविवारी रात्रीच्या गाडीसाठी जीव काढू नका, बहिणीकडे निवांत जेवा, सोमवारी सकाळी निघालात तरी पोचाल. माया हा शब्द कुठेही न येता ती पुरेपूर पोचते! कॉलची वेळ ठाऊक असलेले साहेब पुष्कळ असतात. त्या कॉलपायी कोणाची गाडी चुकते हे ठाऊक असलेले थोडे.

मग कँटीनची चकली येते. यंदा ती अंमळ कडक झालीय, हे साहेब मोकळेपणी लिहितात आणि लगेच पुढे सांगतात की तरी दोन खाल्ल्या. खाणाऱ्याला आणि तळणाऱ्यालाही हसू यावं, असा तोल त्या ‘तरी’त आहे.

जे नाही तेही पाहण्यासारखं. उलाढालीचा आकडा नाही, पणतीचं चित्र नाही, ‘आपण सारे एक कुटुंब’ नाही. शेवटाकडे मात्र ‘नव्या उमेदीने उद्दिष्टं गाठू’ असं एक वाक्य निसटलंय. चिवड्यात खडा लागावा तसं. बहुधा दुसऱ्या कोणी घातलं असावं, कारण सहीत हुद्दा नाही, नुसतं पहिलं नाव आहे.

यंदा तुमच्या साहेबांची मेल आली की कंपनीचं नाव झाकून वाचा. शेजारच्या कंपनीलाही ती जशीच्या तशी चालत असेल, तर खुशाल पुसून टाका.