प्रश्न आणि पुनरुक्ती : अँटनीच्या भाषणाचे परीक्षण

प्रश्न दोन प्रकारचे असतात. कौरवसभेत द्रौपदीने विचारले, की धर्मराजाने आधी स्वतःला हरविले की तिला? हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर तिला हवे होते, आणि ते देता न आल्याने भीष्मांसारखे वृद्धही कुंठित झाले. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारणाराला उत्तर आधीच ठाऊक असते. ते श्रोत्यांच्या मुखातून वदवून घ्यावे, एवढाच त्याचा हेतू असतो. यास आपण आलंकारिक प्रश्न म्हणतो. त्याचे सामर्थ्य आणि त्यातील धोका या दोहोंची पारख करण्यास शेक्सपियरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ नाटकातील तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश आम्हांस विशेष उपयुक्त वाटतो.

सीझरचा वध झाला आहे. प्रथम ब्रूटस गद्यात बोलतो. दास होण्यात धन्यता मानणारा, रोमन म्हणवून घेण्यास नाखूष असलेला, स्वदेशावर प्रेम नसलेला असा कोणी येथे आहे काय, असे तो लागोपाठ तीनदा विचारतो, आणि असा कोणी असेल तर त्याचाच आपण अपराध केला असे प्रत्येकदा म्हणतो. हे प्रश्न मोठे चतुर आहेत. ‘मी आहे’ असे म्हणणारा स्वतःलाच नीच ठरवील, म्हणून जमाव एकमुखाने ‘कोणी नाही’ असे उत्तरतो. परंतु सीझर सत्तालोभी होता याचा पुरावा मात्र ब्रूटसने एकही दिलेला नाही. त्याच्या प्रश्नांनी तोंडे बंद झाली, मने वळली नाहीत.

पाठोपाठ अँटनी उभा राहतो. वधकर्त्यांस दोष द्यावयाचा नाही, या अटीवरच त्यास बोलण्याची अनुज्ञा मिळाली आहे. म्हणून तो आरोप करीत नाही; तो केवळ सांगतो आणि विचारतो. सीझरने युद्धबंदी रोमला आणले व त्यांच्या खंडणीने सार्वजनिक कोषागार भरले. हा सत्तालोभ दिसतो काय? गरिबांच्या आक्रोशाने सीझरच्या डोळ्यांत पाणी येई. येथे मात्र तो प्रश्न करीत नाही, लोभी माणसाचे काळीज अधिक कठोर असते एवढेच सुचवितो. लुपरकालच्या उत्सवात तीनदा देऊ केलेला मुकुट सीझरने तीनदा नाकारला; हा लोभ होय काय? वस्तुस्थिती आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम ध्यानात घ्यावा. श्रोत्याच्या हाती काही दिल्यावरच त्याला विचारले जाते, त्यामुळे निघालेले उत्तर त्याला आपले स्वतःचे वाटते.

याच जोडीला पुनरुक्ती येते. ब्रूटस हा सन्मान्य पुरुष आहे, असे अँटनी पहिल्या विरामापूर्वी चार वेळा म्हणतो. शब्द तोच, परंतु मध्यंतरी एकेक वस्तुस्थिती येऊन गेल्याने त्याचा अर्थ पालटत जातो. पहिल्यांदा तो आदर वाटतो, मग शंका, अखेरीस उपहास. कीर्तनकार निरूपणाचा एकेक टप्पा संपवून धृपदाकडे परततो, तेव्हा तेच धृपद नव्या अर्थाने कानी पडते. प्रक्रिया तीच आहे. नुसती पुनरुक्ती कंटाळा आणते; दोन आवर्तनांमध्ये काही घडले तरच ती मन वळविते. पुढे मृत्युपत्राचा उल्लेख होताच एक नागरिक स्वतःच ‘सन्मान्य’ हा शब्द तिरस्काराने उच्चारतो व वधकर्त्यांना द्रोही म्हणतो. अँटनीची अट मोडलेली नाही. आरोप जमावाने केला आहे.

परंतु येथेच वाचकाने सावध व्हावे. मुकुट नाकारला, म्हणून लोभ नव्हता, हे अनुमान एक नागरिक तत्काळ मान्य करतो. पहिल्या अंकात कॅस्काने सांगितलेली हकीकत मात्र निराळी आहे. प्रत्येक खेपेस सीझरचा नकार अधिकाधिक सौम्य होत गेला, आणि मुकुटावरून बोटे काढणे त्याच्या जिवावर आले होते, असे त्यास वाटले. शिवाय मुकुट देऊ करणारा अँटनीच होता! आलंकारिक प्रश्न एकच उत्तर समोर ठेवतो आणि दुसरे झाकतो. त्याचे फळ पुढच्याच प्रवेशात दिसते. कवी सिन्ना हा कटवाल्या सिन्नाचा केवळ नामसाधर्म्याने बळी ठरतो. तो कवी आहे हे कळल्यावरही जमाव थांबत नाही. उत्तर आधीच ठरवून बसलेला जमाव खरा प्रश्न विचारीनासा होतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ब्रूटसच्या आणि अँटनीच्या प्रश्नांत पुराव्याचे स्थान कोठे आहे? त्यामुळे परिणामात कोणता भेद पडतो?

२. गरिबांविषयीच्या उल्लेखानंतर अँटनी प्रश्न का टाळतो? तेथेही प्रश्न असता तर काय बिघडले असते?

३. ‘सन्मान्य’ या शब्दाचा अर्थ नेमका कोणत्या आवर्तनापासून पालटतो? आपल्या मताला आधार द्या.

४. मुकुटाविषयीच्या प्रश्नास कॅस्काची हकीकत जाणणारा श्रोता कोणते उत्तर देईल?

५. आपण नुकत्याच ऐकलेल्या एखाद्या भाषणातील प्रश्न घ्या आणि त्याने झाकलेले दुसरे उत्तर शोधून लिहा.