राणीला मारतं कोण?

‘हाइव्ह’ हा खेळ विकत घेताना दुकानदार सांगतो, “बोर्ड नसलेलं बुद्धिबळ समजा.” हे ऐकून खेळायला बसलेला माणूस पहिले पाच-सहा डाव हमखास हरतो. मीही हरलो. आणि हरण्याचं कारण तीच उपमा होती, असं आता माझं मत आहे.

आधी थोडक्यात खेळ. जॉन यियानीने केलेला हा खेळ 2001 साली आला. प्रत्येकाकडे 11 षटकोनी सोंगट्या: एक राणीमाशी, दोन कोळी, दोन भुंगे, तीन नाकतोडे, तीन मुंग्या. पट नाही. सोंगट्या एकमेकींना चिकटवत जायचं, त्यातूनच पोळं तयार होतं. राणी पहिल्या चार चालींत मांडावीच लागते आणि ती मांडल्याशिवाय आपली कुठलीही सोंगटी हलत नाही. समोरच्याच्या राणीच्या सहाही बाजू भरल्या की आपण जिंकलो.

आता ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘सहाही बाजू भरल्या की.’ कुणाच्या सोंगट्यांनी, हे नियमात नाही. रंग कुठलाही चालतो. माझ्या मते या खेळातली सगळ्यात मोठी कल्पना हीच आहे, आणि बुद्धिबळाची उपमा नेमकी हीच झाकून टाकते.

बुद्धिबळात आपण कॅसलिंग करतो, राजासमोर तीन प्यादी ठेवतो आणि निश्चिंत होतो. आपल्याच मोहऱ्यांच्या गर्दीत राजा गुदमरून मरतो असं तिथेही घडतं, त्याला ‘स्मदर्ड मेट’ म्हणतात. पण तो अपवाद, कौतुकाने दाखवायचा डाव. हाइव्हमध्ये राणी मरण्याची दुसरी पद्धतच नाही. इथे प्रत्येक मरण गुदमरूनच येतं, आणि त्यात आपल्या माणसांचा हात जवळपास नेहमी असतो.

यामागे मांडणीचा एक साधा नियम आहे. सुरुवातीची चाल सोडली, तर नवी सोंगटी फक्त आपल्या रंगाला चिकटवता येते, समोरच्याच्या रंगाला स्पर्श होता कामा नये. म्हणजे शत्रूला माझ्या राणीजवळ थेट उतरता येत नाही, चालत यावं लागतं. मला मात्र माझ्या राणीजवळ लगेच उतरता येतं. नवखा खेळाडू या सवलतीचा भरपूर फायदा घेतो: एक कोळी इथे, एक मुंगी तिथे, झालं संरक्षण! शत्रूचं निम्मं काम आपणच केलेलं असतं.

शिवाय सहा हा आकडाही फसवा आहे. राणी एका चालीत एकच घर सरकते, आणि सरकायला फट पुरेशी रुंद लागते. दोन सोंगट्यांमधल्या चिंचोळ्या जागेतून सोंगटी बाहेर पडू शकत नाही. राणीभोवतीची सहा घरं घड्याळासारखी समजा: 12, 2, 4, 6, 8, 10. आता फक्त 12, 4 आणि 8 ही तीन भरा. 2, 6, 10 ही घरं रिकामी दिसतात, पण प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना सोंगट्या आहेत. राणी कुठूनच निसटू शकत नाही. तीन सोंगट्यांत कैद. त्यातल्या दोन आपल्याच असल्या, तर शत्रूला एकच आणावी लागली.

माझा एक डाव सांगतो. पांढऱ्या सोंगट्या माझ्या, काळ्या माझ्या रूममेटच्या. माझ्या राणीच्या 12 वर माझा कोळी, 2 वर माझी मुंगी, 10 वर माझा नाकतोडा. 4 आणि 8 वर त्याच्या मुंग्या. 6 रिकामं. म्हणजे मरणाला एक घर कमी, आणि त्याची तिसरी मुंगी मोकळी. मुंगी पोळ्याच्या कडेने कितीही घरं सरकू शकते. पुढच्या चालीला ती 6 मध्ये शिरणार हे उघड होतं.

मी खूश होतो, कारण मला उपाय सापडला होता. 6 च्या बरोबर मागच्या घरात, म्हणजे राणीपासून त्याच रेषेत दुसऱ्या घरात, मी माझी एक मुंगी नेऊन बसवली. शेजारच्या त्याच्या कोळ्याला ती टेकत होती, त्यामुळे चाल कायदेशीर होती. आता 6 कडे जाणाऱ्या दोन्ही तिरक्या वाटा चिंचोळ्या झाल्या. मुंगी शिरू शकत नव्हती. दार बंद.

रूममेटने नाकतोडा उचलला. तो माझ्या कोळ्याच्या वर, 12 च्याही पलीकडे, बराच वेळ नुसता बसून होता. नाकतोडा सरकत नाही, उडतो: सरळ रेषेतल्या सलग सोंगट्यांवरून पलीकडच्या पहिल्या रिकाम्या घरात. तो माझ्या कोळ्यावरून गेला, माझ्या राणीवरून गेला आणि 6 मध्ये उतरला. सहा भरली. तीन त्याच्या, तीन माझ्या.

तो पूल माझाच होता. 12 वर कोळी नसता, तर त्या उडीला आधारच मिळाला नसता. बरं, तो कोळी बाजूला करावा, तर तेही शक्य नव्हतं. पोळं कधीच तुटता कामा नये, हा इथला दुसरा मोठा नियम. त्याचा नाकतोडा फक्त माझ्या कोळ्याला चिकटून होता. कोळी उचलला असता, तर नाकतोडा एकटा पडला असता, म्हणून कोळी जागेवर खिळलेला. इंजिनिअरिंगला ग्राफ थिअरीत आम्ही ‘आर्टिक्युलेशन पॉइंट’ शिकलो होतो: जो बिंदू काढला की जाळ्याचे तुकडे होतात, तो. परीक्षेत त्यावर मार्क मिळवले होते. पण शत्रू एक सोंगटी नुसती टेकवून माझ्या सोंगटीला तसा बिंदू बनवू शकतो, हे या डावात कळलं.

मग वाचायचं कसं होतं? उत्तर समोर होतं. 10 वरचा माझा नाकतोडा मोकळा होता. तो राणीवरून आणि 4 वरच्या मुंगीवरून उडून पलीकडे जाऊ शकत होता. राणीची दोन घरं रिकामी झाली असती आणि एका चालीत दोन भरता येत नाहीत. राणी सुटली नसती, पण जगली असती, आणि मला एक चाल मिळाली असती. मी सोंगटी आणून बचाव शोधत होतो. बचाव सोंगटी काढण्यात होता.

खेळात दोष आहेत. मुंगी फार ताकदवान आहे. ज्याच्या मुंग्या आधी मोकळ्या झाल्या, त्याच्यापुढे कोळी बिचारा बरोबर तीन घरं मोजत बसतो. दोघंही त्याच त्या चाली उलटसुलट करत राहिले की डाव कंटाळवाण्या बरोबरीकडे जातो. पुढे आलेल्या विस्तारांतला ‘पिलबग’ शेजारची सोंगटी, अगदी अडकलेली राणीसुद्धा, पाठीवरून उचलून दुसऱ्या रिकाम्या घरात ठेवतो. कसलेले खेळाडू त्यावर खूश असतात, आणि डाव त्याने खोल होतो हे खरंच. पण नवख्याने मूळ 11 सोंगट्यांवरच बराच काळ काढावा, असं मी म्हणेन. सुटकेचा मार्ग पेटीतूनच मिळाला, तर आपण स्वतःला कसं कोंडलं हे पाहायची गरज उरत नाही.

हल्ली डाव संपला की मी एक गोष्ट करतो. हरलेल्या राणीभोवतीच्या सहा सोंगट्यांत तिच्याच रंगाच्या किती, ते मोजतो. माझ्या पहिल्या काही हारींत हा आकडा तीन किंवा चार होता. परवा हरलो तेव्हा एक होता. हरलोच, पण या वेळी समोरच्याला पाच सोंगट्या स्वतः आणाव्या लागल्या.