लोढणे आणि भिलावा : काव्यानुवादातील रूपकांची निवड

मराठी कवितेचे इंग्रजी भाषांतर करताना मूळ प्रतिमा ठेवावी की बदलावी, हा निर्णय बहुधा एकाच कसोटीवर घेतला जातो : ती वस्तू इंग्रजी वाचकाला परिचित आहे काय? पीटर न्यूमार्क यांनी १९८१ साली रूपकाच्या अनुवादाचे सात मार्ग पसंतीक्रमाने मांडले. त्यांत मूळ प्रतिमा तशीच नेणे हा पहिला, तर तिच्या जागी लक्ष्यभाषेतील रूढ प्रतिमा आणणे हा दुसरा मार्ग होय. मात्र कवितेत ती प्रतिमा कोणते कार्य करते, याचा विचार झाल्याखेरीज हा क्रम अनुवादकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची संसारावरील सुप्रसिद्ध कविता या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

या कवितेत संसाराला एकामागून एक उपमाने दिली आहेत. ती सर्व एकाच जातीची नाहीत. काही उपमाने कवयित्री स्वीकारते, तर काही लोकांच्या तोंडची म्हणून नाकारते. संसाराला खोटा म्हणू नये, देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नये, गळ्यातील हाराला लोढणे समजू नये, असा तिचा युक्तिवाद आहे. म्हणजे योग्य रूपक कोणते, हाच या कवितेचा वादविषय आहे. ‘संसार’ हा शब्दही येथे अडचणीचा ठरतो. इंग्रजीत रूढ झालेला ‘संसारा’ हा शब्द जन्ममरणाच्या फेऱ्याचा व त्यातून सुटकेचा अर्थ घेऊन येतो. बहिणाबाईंचे म्हणणे नेमके त्याच्या उलट आहे.

प्रथम तव्याची प्रतिमा पाहावी. काटेकोर बोलायचे तर ती उपमा आहे. आधी हाताला चटके, मग भाकर, हा क्रम तिचा प्राण होय. भाकर तव्यावर हातानेच टाकली जाते आणि तिच्यावर पाण्याचा हातही फिरवावा लागतो. त्यामुळे चटका हा कल्पनाविलास नसून रोजचा अनुभव आहे. येथे प्रतिमा बदलण्याचे कारण नाही. ‘फ्राइंग पॅन’ मात्र टाळावा. त्या शब्दामागून आगीत पडण्याची इंग्रजी म्हण आपोआप येते. ‘ग्रिडल’ पुरेसा आहे. ‘ब्रेड’मध्ये भाकरीचा स्पर्श हरवतो, परंतु उपजीविकेचा अर्थ त्या शब्दात आहेच. हा तोटा सोसण्यासारखा आहे.

लोढण्याची गोष्ट वेगळी. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेला हा लाकडी ओंडका मराठीत केव्हाच वाक्प्रचार होऊन बसला आहे. कवयित्री जे नाकारते ते हे झिजलेले, लोकांनी उच्चारून गुळगुळीत केलेले रूपक. म्हणून इंग्रजीतही तितकेच झिजलेले रूपक हवे. गळ्यातील जात्याचा दगड, म्हणजे ‘मिलस्टोन’, येथे चपखल बसतो. गळा कायम राहिल्याने हाराशी विरोधही टिकतो. लोढण्याचे वर्णन करून सांगणारा अनुवादक वस्तूशी प्रामाणिक राहील, पण एका घासलेल्या तक्रारीला नवी प्रतिमा बनवून टाकील. ‘अल्बट्रॉस’ही गळ्यातच असतो, पण तो कोलरिजच्या पुस्तकातला, चुलीपुढच्या बाईच्या तोंडी शोभणारा नव्हे.

खरा पेच भिलाव्याचा आहे. भिलावा, म्हणजेच बिब्बा. याचे टरफलातील तेल अंगाला लागले की फोड येतात. म्हणून संसाराला भिलावा म्हणणारे असतात. बहिणाबाई ते नाव नाकारताना त्याच फळाचे गोड, मांसल फूल आणि आतली गोडंबी पुढे करते. आक्षेप व उत्तर दोन्ही एकाच फळात आहेत. लोढण्यासारखी अदलाबदल केल्यास उत्तराचा आधारच जाईल. ‘मार्किंग नट’ हे इंग्रजी नाव धोब्याच्या खुणेची आठवण देते, फोडांची नाही. रचनेने सर्वांत जवळचा पर्याय काजूचा : कुळ तेच, वर रसाळ बोंड, टरफलात दाहक तेल, आत गोड गर. वनस्पतिशास्त्राला तो मान्य होईल. पण इंग्रजी वाचकाला काजू भेटतो तो सोललेला, खारवलेला, बशीत. दाह त्याच्या अनुभवात नाही. शिवाय पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्यावर आलेले हे झाड कवितेला खानदेशातून उचलून कोकणात नेऊन ठेवते.

तेव्हा ‘भिलावा’ हाच शब्द ठेवून त्याच्या आधी फोड आणणारा असा अर्थ देणारे एखादे विशेषण, ‘ब्लिस्टरिंग’सारखे, जोडणे अधिक इष्ट. न्यूमार्क यांच्या यादीत प्रतिमा व अर्थ एकत्र देण्याचा हा मार्ग शेवटचा आहे. येथे तो पहिला ठरतो. त्याची किंमतही आहे. मूळ ओळी आखूड, जात्यावरच्या ओवीच्या लयीच्या. त्यात हे एक विशेषणही जड होते. मूळ श्रोत्याला भिलावा म्हणताच जे आठवत असे, ते इंग्रजीत सांगावे लागते. आणि गोडंबीसाठी साधा ‘कर्नल’ वापरला, तर तेवढी जागा त्याच कडव्यात परत मिळवता येते.